टोपीच्या गळ्यातली बांगडी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचं एक लहानसं दुकान आहे. पाटीवर अजून 'अप्पा गॅस रिपेअरिंग' असंच लिहिलेलं आहे. अप्पा जाऊन अकरा वर्षं झाली. दुकान आता त्यांची बायको चालवते, म्हणून लोक त्याला बनाबाईंचं दुकान म्हणतात आणि बनाबाईंना मी मावशी म्हणते. नातं काही नाही, आमची भिंत एक आहे.

मावशींना शेगडीचं सामान डोळ्यांपेक्षा बोटांनी ओळखता येतं. बर्नरची टोपी, म्हणजे आच निघते ते वरचं पितळी झाकण, कुणी हातात दिलं की त्या ते उलटं करतात. खाली जो गोल गळा असतो, जो बर्नरच्या तोंडात बसतो, त्याच्यावरून अंगठा फिरवतात आणि सांगतात, "साठची हाय. कडेला घासलीया." मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, शिरोलीला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. सुरुवातीला मी त्यांना पकडायला म्हणून बारीक मोजायचं व्हर्नियर घेऊन बसायचे. अर्ध्या मिलिमीटरच्या वर त्या कधी चुकल्या नाहीत. शेवटी मीच व्हर्नियर पिशवीत ठेवून दिलं.

दुकानात गल्ल्याच्या वर एक खिळा आहे आणि त्याला काचेच्या बांगड्या अडकवलेल्या आहेत. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. कासाराकडची मापं. बायका टोपी आणायला विसरतात आणि म्हणतात, माझ्या बांगडीएवढी होती बघा. मग मावशी त्यांच्या हाताचं माप विचारतात, खिळ्यावरची बांगडी काढतात आणि ज्या टोपीच्या गळ्यावरून ती बरोबर उतरते ती टोपी देतात. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, सत्तावन्न मिलिमीटर. दोन-सहा म्हणजे साठ. दोन-आठ म्हणजे अडीच इंच, साडेत्रेसष्ट. शेगडीवाल्यांनी आणि कासारांनी कधी एकत्र बसून ठरवलं नसणार, पण मापं जुळतात. त्यातल्या दोन-सहाच्या हिरव्या बांगड्या मावशींच्या स्वतःच्या आहेत. अप्पा गेले त्या दिवशी हातातून काढलेल्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, नोझल साफ करता करता, आणि लगेच म्हणाल्या, "ते पॉलिशचं फडकं दे."

गेल्या वर्षी मी दुकानाला व्हॉट्सॲपचा नंबर घेऊन दिला. दुकानातल्या आणि डीलरकडच्या एकशेचाळीस टोप्यांचे फोटो काढले, कुणाला कडेला चिरा, कुणाला भोकं, किती रांगा, गळा खोल की उथळ, सगळ्याचा तक्ता केला. खेड्यातल्या माणसानं फोटो पाठवायचा, आम्ही ओळखायचं आणि वडापच्या, म्हणजे गावोगाव सवाऱ्या नेणाऱ्या, जीपमधून टोपी पाठवायची. मला वाटलं, मी मोठं काम केलं.

मावशी म्हणाल्या, "चांगलं हाय. पण फोटूला अंग नसतंय पोरी."

मी हसले होते.

एका सोमवारी संध्याकाळी कोडोलीहून एक फोटो आला. त्यात बर्नर नव्हताच. शेगडीचा समोरचा पत्रा होता, त्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, आणि खाली लिहिलं होतं, 'ह्याची टोपी पाहिजे. अर्जंट.'

मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"गणपतराव बोलतोय," पलीकडून मोठ्यानं आवाज आला. "फोटू मिळाला न्हवं?"

"काका, शेगडीचा मिळाला. टोपीचा पाहिजे. आणि शेगडीच्या मागं किंवा बुडाला मॉडेलचा स्टिकर असेल, त्याचाही."

"स्टिकर न्हाय. आमच्या हिनं घासून घासून कवाच काढलाय. बूड पण आरशावाणी ठेवायची."

मावशी शेगडीत डोकं घालून बसल्या होत्या, त्या तिथूनच ओरडल्या, "कंपनी कंची?"

"ती कंपनी बंद पडून बारा वर्षं झाली. मीच घेतलीती, लेकीच्या लग्नाच्या साली."

"आन् झालंय काय टोपीला?"

"चीर पडलीया. एका अंगाला जाळ पिवळा येतोय आन् पातेलं काळं. नोझल पण बदलायचं का वो बाई?"

मावशी उठून फोनजवळ आल्या. "दुसऱ्या अंगाला कसा हाय जाळ?"

"निळा हाय."

"मग नोझलला हात लावू नका. नोझल बिघडलं तर जाळ चहूकडनं पिवळा झाला असता. सुईनं टोचलंसा का काय त्याला?"

"न्हाय बा."

"टोचू नका. भोक मोठं हुतंय आन् मग गॅस जास्त येतोय. टोपीच पायजे तुमाला. टोपी काढा आन् वडापातनं द्या पाठवून, मी बघून दुसरी देतो." कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारख्या मावशीही स्वतःला 'देतो', 'करतो' म्हणतात.

"आन् मी च्या कशावर करू?" गणपतराव म्हणाले. "दुसरा बर्नर दोन वर्सं बंद हाय. मी येकटा माणूस. आन् यायचं म्हटलं तर म्हस आज-उद्या व्यायला झालीया, दावणीवरनं हलता येत न्हाय."

मग त्यांचा आवाज खाली आला.

"रविवारी हिचं वर्षश्राद्ध हाय. कालिंदीचं. पोरगं म्हणतंय, काचेची नवी शेगडी धाडतो, जेवान केटररला सांगतो. मी म्हटलं, जेवान सांग बाबा कुणाला बी, निवदाची खीर मी करणार. ह्याच शेगडीवर करणार. तिनं खाटेवर पडून मला शिकिवली, आठ म्हैनं. आता एका अंगाला पिवळा जाळ लागला की गहू खाली धरतोय. दोनदा करून बघितली. दोनदा करपली."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "रविवारच्या आत पोचती करतो," त्या म्हणाल्या. "आमची पोरगी सांगंल तसा फोटू काढा."

मी सांगितलं. शेगडी बंद, टोपी गार झालेली, उलटी करून ठेवा, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, वरून सरळ फोटो काढा. नाण्याचा व्यास सत्तावीस मिलिमीटर असतो, तो मला पाठ आहे. फोटोत नाणं किती मोठं आणि गळा किती मोठा हे मोजलं की गुणाकार करून माप निघतं.

फोटो आला. वळणावरून मला टोपी लगेच ओळखू आली, कडेला तिरक्या चिरा, मधे भोकांच्या दोन रांगा. तक्त्यात असल्या तीन टोप्या होत्या, अगदी एकीसारखी एक, फक्त गळ्याचं माप वेगळं. सत्तावन्न, साठ आणि त्रेसष्ट. मी फोटो लॅपटॉपवर मोठा केला, मोजला. त्रेसष्टला दोन दशांश कमी.

"मावशी, त्रेसष्टची. दुकानात एक आहे."

मावशींनी फोटो बघितला, लांब धरून, जवळ धरून. "मला बारकी वाटतीया," त्या म्हणाल्या.

"कशावरनं?"

"ते काय सांगता यायचं न्हाय. वाटतीया."

मी हिशेब दाखवला. त्या पुन्हा शेगडीकडे वळल्या. मंगळवारी सकाळी मी ड्यूटीला जाताना टोपी वडापवाल्याच्या हातात दिली.

संध्याकाळी फोन आला. "पोरी, ही टोपी बसत न्हाय. मोठी हाय. हातोडीनं जरा ठोकू का?"

"नको!" मी आणि मावशी एकदमच ओरडलो.

"ठोकू नगा पावणं," मावशी म्हणाल्या, "बर्नरचं तोंड फुटंल, मग सगळीच शेगडी गेली. ती तशीच पाठवा माघारी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लाज वाटली. मी फोटो पुन्हा उघडला, आणि या वेळी आकडे सोडून चित्र बघितलं. टोपी भांडं ठेवायच्या लोखंडी जाळीवर उलटी ठेवलेली होती. नाणं खाली पत्र्यावर. दोन्हींच्या उंचीत चार सेंटिमीटरचा तरी फरक. फोन वरून हातभर अंतरावर धरलेला. नाणं लांब, म्हणून ते फोटोत लहान दिसलं, आणि त्याच्या मानानं गळा मोठा निघाला. आमच्या कारखान्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते मी विसरले होते.

मावशींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजी तुझा डिप्लोमा ऱ्हायला जाळीवर आन् नाणं गेलं पत्र्यावर." आणि मला चहा दिला.

बुधवारी मी गणपतरावांकडून दुसरा फोटो काढून घेतला. नाणं उलट्या टोपीच्या गळ्याच्या काठावरच ठेवायला लावलं, म्हणजे उंची सारखी. पण त्यांच्या फोनची काच तडकलेली होती, कडा धूसर आल्या, फोटो किंचित तिरका. तीनदा मोजलं. साडेअठ्ठावन्न. सत्तावन्न आणि साठच्या बरोबर मधे.

मी विचारलं, "काका, घरात फूटपट्टी, टेप काही आहे का?"

"रानातली टेप हाय की. पन्नास मीटरची. पर पयलं इतभर फाटलंय तिचं."

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या.

सत्तावन्न आणि साठ, दोन्ही आमच्याकडे शिल्लक नव्हत्या. राजारामपुरीतल्या डीलरला, उदयसिंहांना, फोन केला तर ते म्हणाले, "दोन्ही हायत गोदामात. सांगा, सकाळी पाठवतो."

"मग दोन्ही मागवू आणि दोन्ही पाठवू," मी म्हटलं. "बसेल ती ठेवतील."

"न्हाय," मावशी म्हणाल्या.

"का?"

"अगं, साठची बसली न्हाय तर म्हातारा ठोकंल, हातोडी काढूनच बसलाय. आन् खरी साठची असली आन् सत्तावन्नची हातात गेली, तर ती आत पडंल. सैल बसंल. पेटंल बी. तो म्हणंल बसली. मग खालच्या फटीतनं जाळ मारंल बाहेर. येकटा माणूस घरात, रविवारची घाई. त्याच्या हातात दोन टोप्या देऊन आपण मोकळं व्हायचं? माप आपण घ्यायचं. दुकान कशाला उघडलंय?"

नंतर त्या बराच वेळ खिळ्याकडे बघत होत्या. मला कळलं त्यांच्या मनात काय आहे आणि हेही कळलं की विचारणं त्यांना जड जातंय. बनाबाईंना विचारणं जड जातंय, हे मी पहिल्यांदा बघत होते.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनीच फोन लावला. "गणपतराव, म्हस व्याली का?"

"व्याली की काल. रेडी झालीया."

"चांगलं झालं. खरवस खाल्लासा का?"

"कुणी करायचा? तिनं खीर शिकिवली, खरवस ऱ्हायला."

मावशींनी श्वास घेतला. "लेक आलीया का घरात?"

"शनवारी येणार संयोगिता."

"न्हाय, बांगडी पायजे होती. काचेची. टोपीच्या गळ्यावर घालून बघायला."

पलीकडे म्हैस हंबरली तेवढी ऐकू आली.

"हाय," गणपतराव म्हणाले. "तिच्या हायत. डब्यात."

"घाई न्हाय. टोपी पार गार झाल्यावर घाला. तापलेल्या पितळेवर काच तडकती. आन् दाबू नका. आपली आपण उतरली तर उतरली, न्हाय तर तसंच सांगा."

पाऊण तास आम्ही वाट बघितली. मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. मग फोटो आला.

उलटी टोपी, पितळ घासून पिवळंधमक, आणि तिच्या गळ्यात एक हिरवी बांगडी. चारी बाजूंनी टेकलेली. फोटो धूसरच होता, पण आता धूसर असला तरी चालणार होतं. कारखान्यात आम्ही हेच करतो. भोक मोजत बसत नाही, ठरलेल्या मापाचं गेज घालतो. जातं की जात नाही, एवढंच बघायचं. फोटोवर मापाची जबाबदारी नव्हती, ती बांगडीवर होती.

"हलती का?" मावशींनी फोनवर विचारलं.

"न्हाय हलत. सहज गेली आन् बसली. जणू तिच्यासाठीच केलीया."

"बांगडीचं माप कितीचं?"

"काय सांगू बाई. बेचाळीस वर्सं बघितल्या हातात. माप ठाऊक न्हाय मला."

"गावात बांगड्या कोण भरतंय?"

"बायडाबाई कासारीण. मागच्या आळीला."

"तिला इचारा."

दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला, चालून धाप लागलेली. "बायडाबाई म्हणतीया, कालिंदीवैनीचा हात दोन-सहाचा. लगीन होऊन आली तवापासनं दोन-सहा. मला म्हणाली, एवढं बी ठाऊक न्हाय व्हय तुमाला?"

"दोन-सहा म्हणजे साठ," मी म्हटलं आणि डीलरचा नंबर काढला.

मावशींनी माझ्या हातावर हात ठेवला. त्या फोटोकडे बघत होत्या.

"गणपतराव," त्या म्हणाल्या, "ही बांगडी कवाची?"

"म्हंजी?"

"कवा भरलेली? इचारतो म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आजारी असताना भरल्या व्हत्या का नव्या?"

मी फोनकडे बघू शकले नाही, खिळ्याकडे बघत राहिले.

"संक्रांतीला," गणपतराव म्हणाले. "शेवटच्या. बायडाबाई घरात आलती, खाटेजवळ बसून भरल्या. जुन्या हातातनं गळून पडायच्या. हात वाळलावता पार. तिनं मला सांगितलं, जुन्या फोडू नका, डब्यात ठेवा, बरी झालो की घालतो. मगाशी मी वरची काढली बघा. वरची म्हंजी नवीच ती. शेवटी हातातनं उतरवून ठेवलेली."

"मग पुन्हा जावा बायडाबाईकडं," मावशी हळूच म्हणाल्या. "तिला संक्रांतीचं इचारा. आन् खालची बी एक घालून बघा टोपीला."

या वेळी अर्धा तास लागला. फोन त्यांनी केला नाही, फोटो पाठवला, मग खाली लिहिलं. 'खालची लय सैल होतीय. बायडाबाई म्हणते संक्रातीला दोन चार भरल्या. तिच्याबी डोळ्याला पानी आलं.'

दोन-चार. सत्तावन्न.

मावशींनी उदयसिंहांना स्वतः फोन केला. "सत्तावन्न. एकच नग. तिरक्या चिरांची, दोन रांगा. व्हय, पक्कं हाय. कशानं मोजलं? मोजलं हो. तुमाला काय करायचंय?"

शुक्रवारी टोपी आली. मावशींनी तिच्यावरून अंगठा फिरवला, खिळ्यावरची दोन-चार काढून गळ्यात घालून बघितली, मग कागदात गुंडाळली. वरती माझ्याकडून लिहून घेतलं, 'बसवल्यावर हातानं फिरवून बघा. सहज फिरली पाहिजे, डुगडुगता कामा नये. ठोकू नका.' शेवटचे दोन शब्द मोठ्या अक्षरांत.

संध्याकाळी फोन नाही. शनिवारी नाही. मी दोनदा लावला, उचलला नाही. मावशी म्हणाल्या, "लेक आली असंल. पावणं आलं असतील. गप बस." पण त्याही फोन पदराखाली घेऊन बसल्या होत्या, गल्ल्यात ठेवला नव्हता.

रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला फोटो आला. आमच्याकडे आलेल्या फोटोंत तो सगळ्यात सरळ काढलेला होता, लेकीनं काढला असावा. शेगडी पेटलेली, भांडं नाही, आणि निळ्या आचेचं कडं, सगळीकडून सारखं. कुठं एक पिवळं टोक नाही. मागे ओट्यावर खिरीचं पातेलं, बुडाला काळं नाही, हे बहुतेक आम्हाला दिसावं म्हणून तिरकं धरलेलं.

मावशींनी तो फोटो मोठा केला. दोन बोटांनी करायचं त्या माझ्याकडून शिकल्यात. आच नीट सगळ्या बाजूंनी बघितली, जसं हातात टोपी घेऊन बघतात तसं.

"खालनं कुठं मारत न्हाय," त्या म्हणाल्या. "बसली."

मग फोन वाजला.

"बाई, खीर झाली," गणपतराव म्हणाले. मागे भांड्यांचा, बायकांचा आवाज होता. "करपली न्हाय. पोरगं दोन वाट्या खाल्लं. म्हणतंय आईसारखी न्हाय, पर जवळ आलीया. कावळा बी लगेच शिवला."

"शिवणारच की. निळ्या जाळावरची खीर." मावशी हसल्या. मग हसणं आवरून त्यांनी विचारलं, "आन् बांगडी?"

"त्याचंच सांगाय फोन केला," ते म्हणाले. "काल नव्या टोपीवर बी तीच घालून बघितली. लेक म्हणाली, आबा, मी काढतो. म्हटलं, नगो, मीच काढतो. हळूच फिरवून काढली. न्हाय वाढली बाई, सलग हाय. डब्यात ठेवलीया, पर आता वर न्हाय ठेवली. जुन्यांच्या मधे ठेवलीया, दोन-सहाच्या."

"बरं केलंसा," मावशी म्हणाल्या.

फोन ठेवला तेव्हा त्यांच्या मांडीवर खिळ्यावरच्या बांगड्या होत्या. कधी काढल्या मला दिसलं नाही. त्यांनी त्या एकेक करून फडक्यानं पुसल्या, पुन्हा खिळ्याला अडकवल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्या त्या तक्त्यात आजून एक रकाना कर."

"कसला?"

"बांगडीचं माप. आन् कवाची, ते इचारायचं."